किती निबंध, हे नंतर ठरवा: प्रकाशनाधारित प्रबंधाविषयी गोव्यातील संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील पीएच.डी. मार्गदर्शक आणि संशोधन समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघाचौघांशी या विषयावर बोलणे झाले आणि प्रत्येकाने मला पहिला प्रश्न तोच विचारला. एकसंध प्रबंधाऐवजी शोधनिबंधांचा संच पीएच.डी.साठी स्वीकारायचा झाला, तर किमान किती निबंध मागावेत? तीन, चार की पाच? विचारणाऱ्यांचा हेतू चांगला होता. दर्जा घसरू नये, एवढीच त्यांची काळजी होती. तरीही हा प्रश्न पहिला विचारला की पुढचे सगळे बिघडते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी असा प्रबंध स्वतः दिला आहे, आणि तोही उलट्या वाटेने. आधी 312 पानांचा एकसंध प्रबंध लिहून झाला होता. मग मी जिथे नोंदणी केली होती, त्या गोव्याबाहेरच्या संस्थेने प्रकाशनाधारित प्रबंधाची मुभा दिली. किमान चार निबंध, अशी अट घातली. मार्गदर्शक म्हणाले, तुझे सात प्रकरणांचे काम तयार आहे, चार निबंध सहज निघतील. मलाही तसेच वाटले. सहज काहीच निघाले नाही. त्या दोन वर्षांत काय चुकले आणि कशाने सुधारले, ते सांगते.

माझा विषय खाजनांचा. आपल्याला खाजन म्हणजे काय ते सांगायला नको. खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आत पोंय नावाचे तळे, बांधात दारांची मानस. भरती चढली की मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. जाणाऱ्या पाण्याला जाळे लावून मासळी धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो. मला तीन खाजनांत दोन गोष्टींचा संबंध शोधायचा होता. मानशीवर हुकूम कोणाचा चालतो ही एक, आणि शेतातल्या मातीत मीठ किती साठते ही दुसरी. सात प्रकरणे अशी होती: प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, 1526 पासून 1961 पर्यंतचा गांवकारीचा म्हणजे गावाच्या सामाईक जमीनव्यवस्थेचा इतिहास, माती आणि पाण्याची मोजमापे, मुलाखती, निष्कर्ष.

पहिला प्रयत्न मी प्रकरणवार केला. आढाव्याचे प्रकरण म्हणजे एक निबंध, इतिहासाचा एक, मोजमापांचा एक, मुलाखतींचा एक. चार झाले. प्रत्येकाला नवी प्रस्तावना आणि समारोप जोडला, "मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे" अशी वाक्ये शोधून काढली आणि पाठवून दिले. त्यातले तीन समीक्षकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. संपादकांनीच परत केले. मुलाखतींचा तेवढा समीक्षकांकडे गेला आणि त्यांच्याकडून आलेल्या एका ओळीने माझे डोळे उघडले. हा लेख एका उत्तराचा अर्धा भाग वाटतो, प्रश्न कुठे आहे, असे त्या समीक्षकाने विचारले होते.

त्याचे म्हणणे खरे होते. एकसंध प्रबंधात प्रकरणे पुराव्याच्या प्रकारानुसार लावलेली असतात. कागद एका ठिकाणी, मीटरचे आकडे दुसऱ्या ठिकाणी, माणसांचे बोलणे तिसऱ्या ठिकाणी. परीक्षक सगळे सलग वाचणार असतो, म्हणून हे चालते. पाचव्या प्रकरणात उभा राहिलेला प्रश्न सातव्या प्रकरणात सुटला तरी त्याची तक्रार नसते. निबंधाच्या वाचकाकडे मात्र तेवढीच पाने असतात. माझ्या मोजमापांच्या निबंधात एका खाजनातली माती दुसऱ्यापेक्षा खारट आहे, हे दिसत होते. ती खारट का, याचे उत्तर मानशीच्या पावणीच्या अटींत होते, आणि त्या अटी मुलाखतींच्या निबंधात गेल्या होत्या. मुलाखतींच्या निबंधात शेतकरी सांगत होते की मानस भलत्या वेळी उघडी राहते. ते खरे आहे का, हे तपासणारे आकडे मोजमापांच्या निबंधात होते. दोन्ही निबंध लंगडे झाले, कारण मी जोडीतला एकेक पाय वेगळा केला होता.

दुसऱ्या खेपेला मी प्रकरणे बाजूला ठेवली. एका मोठ्या कागदाचे दोन रकाने केले. डावीकडे प्रबंधातील प्रत्येक दावा एका पूर्ण वाक्यात लिहिला आणि उजवीकडे त्याचा पुरावा: कुठली मोजणी, कुठला कागद, कुणाची मुलाखत. दावा म्हणजे ज्याला कोणी "नाही, तसे नाही" म्हणू शकेल असे विधान. "खाजनांचे व्यवस्थापन गुंतागुंतीचे आहे" हा दावा होत नाही. "पावणी एका वर्षाची असली की मानस धरणारा बांधाच्या दुरुस्तीत लक्ष घालत नाही" हा होतो. 312 पानांतून असे तेवीस दावे निघाले. त्यांतल्या नऊंच्या उजव्या रकान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांचे हवाले सोडून काही नव्हते. ते माझे नव्हतेच. सहा असे होते की ज्यांचा पुरावा एका मुलाखतीपलीकडे जात नव्हता. उरलेले आठ दावे आपापसांत बांधलेले होते आणि त्यांच्या तीन गाठी पडल्या. चार पडल्या नाहीत. मी महिनाभर चौथी शोधत होते.

त्या तीन गाठी म्हणजे माझे तीन निबंध. पहिला हुकमाचा. जमीन कोमुनिदादीच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या गांवकारी संस्थेच्या, हातात होती तेव्हा मानशीचा निर्णय कोण घेत असे, आणि 1964 चा कूळ कायदा व त्यानंतर आलेल्या कूळ संघटना यांमुळे तो कोणाकडे गेला. यासाठी पावणीचे कागद आणि मुलाखती दोन्ही लागले. दुसरा मिठाचा. तीन खाजनांत मिळून छत्तीस जागा, दोन वर्षे, वर्षातून चार वेळा घेतलेले मातीचे नमुने, आणि त्यांच्या शेजारी मानस कधी उघडली, कधी मिटली याची वही. ही वही एका खाजनातल्या मानस सांभाळणाऱ्या काकांनी तिथीवार ठेवली होती. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाच्या नोंदी त्यात वेगळ्या खुणेने होत्या. तिसरा निबंध शेतकऱ्यांच्या पारखीचा. कुठल्या कोपऱ्यात मीठ चढले आहे, हे ते मातीच्या रंगावरून, वर आलेल्या पांढऱ्या थरावरून आणि गवतावरून सांगतात. त्यांचे सांगणे आणि विद्युतवाहकता मापकाचा आकडा जुळतो का, हा त्याचा प्रश्न.

आपण पाहाल की तिन्ही निबंधांत प्रत्येकी दोन-तीन जुन्या प्रकरणांतला मजकूर आला आहे. प्रबंध मी आधी आडवा कापला होता, आता उभा कापला. आपल्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगा.

आता चौथ्या निबंधाकडे येते, कारण संख्येच्या अटीचे खरे नुकसान तिथे दिसते. संस्थेला चार हवे होते, माझ्याकडे तीन होते. मला सुचवले गेले की मिठाचा निबंध दोन करावा, पहिल्या वर्षाचा एक आणि दुसऱ्या वर्षाचा एक. आकडे भरपूर होते, तक्ते भरले असते. मी पहिल्या वर्षाचा निबंध लिहायला घेतलाही.

त्या पहिल्या वर्षी तीनपैकी एका खाजनाचा बांध पावसाळ्यानंतर फुटला होता आणि दुरुस्त होईपर्यंत खाडीचे पाणी आत येत राहिले. त्यामुळे त्या वर्षाचे आकडे सांगत होते की मानशीपासून लांबच्या शेतांतही मीठ तेवढेच आहे, म्हणजे मानशीच्या वेळापत्रकाचा फारसा संबंध नाही. दुसऱ्या वर्षी बांध शाबूत होता आणि चित्र उलटे दिसले. ज्या उधाणांना मानस उघडी राहिली, त्यांच्या पाठोपाठ जवळच्या शेतांतले मीठ वाढलेले होते. खरा निष्कर्ष दोन्ही वर्षे शेजारी ठेवल्यावरच दिसत होता: बांध धड असतो तेव्हा मानस महत्त्वाची ठरते, बांध फुटला की नाही. वर्षे वेगळी छापली असती तर मी एकमेकांना खोडणारे दोन लेख लिहिले असते, आणि दोन्ही लिहिताना उत्तर माझ्या कपाटात पडून असते. मसुदा वाचणाऱ्या एका सहकाऱ्याने विचारले, "दुसऱ्या मोसमाचे आकडे घेतले नाहीत का?" घेतले होते. त्या क्षणी मी तो निबंध थांबवला.

याला संशोधनाच्या जगात तुकडेबाजी म्हणतात. सॉसेजच्या चकत्या कापण्याची उपमा देऊन तिला सलामी प्रकाशन असेही नाव आहे. तिची हानी फुगलेल्या यादीपुरती नसते. उद्या कोणी किनारी शेतीतल्या क्षारतेवरचे सगळे अभ्यास एकत्र करून सरासरी काढू लागला, तर माझी तीच छत्तीस शेते त्याच्या हिशेबात दोन स्वतंत्र अभ्यास म्हणून मोजली जातील.

पण मग तिसऱ्या निबंधाचे काय, असे आपण विचाराल. पारखीच्या निबंधातही तेच छत्तीस जागांचे आकडे वापरले आहेत. ती तुकडेबाजी नव्हे का? या प्रश्नावर मी बराच काळ घालवला आणि शेवटी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. दोन निबंध मनात एकत्र करून पाहायचे. एकत्र केल्याने दावा अधिक पक्का होत असेल, किंवा बदलत असेल, तर ते मुळात एकच होते. एकत्र केल्याने फक्त लांबी वाढत असेल आणि दोन वेगळे प्रश्न एका मथळ्याखाली कोंबावे लागत असतील, तर ते दोन आहेत. दोन वर्षांचे निबंध एकत्र केल्यावर निष्कर्षच बदलला. मीठ आणि पारख एकत्र केल्यावर काहीच बदलले नाही. मानशीचा आणि मिठाचा संबंध शेतकऱ्यांच्या पारखीवर अवलंबून नव्हता. शिवाय पारखीच्या निबंधात एक नवा पुरावा होता, मीटर लावण्याआधी शेतकऱ्यांकडून करून घेतलेली शेतांची प्रतवारी. मात्र तेच आकडे आधीच्या निबंधात वापरले आहेत, हे मी पद्धतीच्या भागात पहिल्याच परिच्छेदात लिहिले आणि संपादकांना पाठवलेल्या पत्रातही सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये स्वतःच्याच मजकुराच्या पुनर्वापराविषयी जे परिपत्रक काढले, त्याचा रोखही इथेच आहे. मोठ्या अभ्यासाचे तुकडे करून, आधीच्या कामाचा हवाला न देता, ते पूर्णपणे नवे म्हणून छापणे त्यात आक्षेपार्ह ठरवले आहे. हवाल्यावर त्याचा भर आहे.

यानंतरची अडचण अगदी साधी आणि अगदी चिवट. तिन्ही निबंधांत तीच खाजने, आणि मिठाच्या व पारखीच्या निबंधांत तेच नमुने, तीच प्रयोगशाळेची रीत. खाजन म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला प्रत्येक वेळी सांगावे लागते. मानशीचे वर्णन नसेल तर निबंध कळतच नाही. मातीचा संपृक्त अर्क काढून त्याची विद्युतवाहकता मोजली आणि ती 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर माती क्षारयुक्त धरली, हे वाक्य किती निरनिराळ्या प्रकारे लिहिणार? सुरुवातीला मी शब्द फिरवत बसले. एका निबंधात "अर्क काढला", दुसऱ्यात "द्रावण वेगळे केले". ते धोक्याचे होते. वाचकाला वाटेल की रीतच वेगळी आहे. पद्धतीचे वर्णन मुद्दाम बदलणे हे ते तसेच ठेवण्यापेक्षा वाईट, हे मी तेव्हा शिकले. शेवटी संपूर्ण पद्धत मिठाच्या निबंधात दिली, पारखीच्या निबंधात त्याचा हवाला देऊन सहा-सात ओळींचा सारांश ठेवला, आणि मूळ आकड्यांची फाइल एका खुल्या भांडारात ठेवून तिचा डीओआय दोन्हीकडे छापला. खाजनाचे वर्णन मात्र प्रत्येक निबंधात नव्याने लिहिले, कारण प्रत्येकाला त्यातला वेगळा भाग लागत होता. हुकमाच्या निबंधात पावणी आणि हक्क, मिठाच्या निबंधात पाण्याची वाट, पारखीच्या निबंधात शेतांची उंच-सखल मांडणी.

हे सगळे नीट करूनही प्रबंध सादर करताना साम्य तपासणीत साठ टक्क्यांच्या वर आकडा आला. येणारच होता, कारण प्रबंधात माझेच छापलेले निबंध जसेच्या तसे होते. आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि साठच्या वर सर्वांत वरची पायरी लागते. ग्रंथालयातल्या बाईंनी अहवाल माझ्या हातात दिला तेव्हा त्याच कानकोंड्या झाल्या होत्या. मार्गदर्शकांना प्रत्येक निबंधाची प्रत जोडून, हे साम्य कशाचे आहे ते पानावार लिहून द्यावे लागले. त्यात सात आठवडे गेले. आपल्याला हे टाळता येईल. प्रबंधात समाविष्ट असलेले, विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि यादीत जाहीर केलेले निबंध वगळूनच साम्य तपासले जाईल, एवढे एक वाक्य नियमात आधी लिहून ठेवा. जोडणाऱ्या प्रकरणाची तपासणी मात्र नेहमीसारखी कडक असू द्या.

निबंध कोणत्या क्रमाने पाठवायचे, याचाही विचार मी केला नव्हता. मिठाच्या निबंधात मला म्हणायचे होते की या तीन खाजनांत मानशीचा कारभार तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चालतो. ते सिद्ध करणारा हुकमाचा निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे चौदा महिने अडकला होता. हुकमाच्या निबंधात मी मिठाच्या निबंधाचा हवाला "प्रकाशनाच्या वाटेवर" म्हणून दिला होता आणि मिठाच्या निबंधात हुकमाच्या निबंधाचा, तसाच. दोन्ही समीक्षकांनी विचारले, तो दुसरा लेख कुठे आहे? दोन माणसे एकमेकांना जामीन राहिली तर सावकार पैसे देत नाही. उपाय हाच की ज्या निबंधाला दुसऱ्याचा आधार लागतो, त्याने त्या आधाराचा किमान भाग स्वतःच्या पोटात ठेवावा. मिठाच्या निबंधात मी एक छोटा तक्ता घातला: तीन खाजने, प्रत्येकात मानस कोण सांभाळते, पावणी किती मुदतीची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि प्रत्येक नोंदीपुढे कागदाचा थेट हवाला. पहिला निबंध कधीही छापला नसता तरी तो तक्ता उभा राहिला असता. निबंध स्वतंत्र आहे का, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. भावंड निबंधाचा प्रत्येक हवाला खोडून पाहावा आणि युक्तिवाद कोसळतो का, ते बघावे.

जे गेले त्याविषयीही लिहायला हवे. इतिहासाचे प्रकरण सत्तर पानांचे होते. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेशियाने 1526 मध्ये गांवकारीच्या चालीरीती लिहून काढल्या, तिथपासून 1961 च्या कोमुनिदाद संहितेपर्यंतचा प्रवास त्यात होता. पणजीच्या पुराभिलेखागारात बसून केलेले दीड वर्षाचे काम. तेवीस दाव्यांच्या कागदावर या प्रकरणातून एकच दावा टिकला. बाकी सगळे सलग सांगण्यात अर्थ असलेले होते. एकेक वाक्य उचलून दाखवता येत नाही, पण सगळे मिळून गांवकारी कशी विरत गेली ते दिसते. नऊ हजार शब्दांच्या निबंधात ते मावत नाही. मी तीनदा छाटून पाहिले आणि तिन्ही वेळा हाती निव्वळ सनावळी उरली. ज्यांचे काम मुळात असे आहे, जुन्या कागदांवरून उभे राहणारे सलग कथन, त्या विद्यार्थ्यांना प्रकाशनाधारित प्रबंधाकडे ढकलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इतिहास या विभागांसाठी एकसंध प्रबंध पहिल्या पसंतीचाच राहू द्या. आयोगाच्या 2016 च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंधापूर्वी किमान एक शोधनिबंध सक्तीचा होता, 2022 च्या नियमावलीने ती सक्ती काढून टाकली. वरून निघालेली सक्ती आपण खालून चौपट करून परत आणू नये.

माझ्या इतिहासाचा काही भाग जोडणाऱ्या प्रकरणात वाचला. स्वीडनमध्ये निबंधांच्या अशा संचाला जे प्रास्ताविक प्रकरण असते त्याला काप्पा म्हणतात, म्हणजे अंगरखा, सगळ्या निबंधांवरून घालायचा. माझा अडतीस पानांचा झाला. पहिल्या मसुद्यात मी तिन्ही निबंधांचे गोषवारे एकापाठोपाठ लिहिले होते आणि ते वाचून मलाच कंटाळा आला. या प्रकरणाचे खरे काम वेगळे असते. छापलेला निबंध बदलता येत नाही. समीक्षकांच्या सांगण्यावरून पारखीच्या निबंधातून मी एक खाजन वगळले होते, कारण तिथे प्रतवारी करायला चारच शेतकरी मिळाले. म्हणून दोन निबंधांत तीन खाजने आणि एकात दोन, अशी विसंगती प्रबंधात राहिली. हुकमाच्या निबंधात मी मानस हा शब्द तसाच ठेवला होता, मिठाच्या नियतकालिकाने त्याच्या जागी झडपद्वार या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला, आणि परीक्षकाला वाटले की या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्या निबंधात मी म्हटले होते की कूळ संघटना आल्यावर मानशीवरचा ताबा सैल झाला. दोन वर्षांनी वही नीट वाचल्यावर दिसले की एका खाजनात तो उलट घट्ट झाला होता. ही सगळी भांडणे मिटवायला, किंवा मिटत नसतील तर उघड मांडायला, जोडणारे प्रकरण असते. परीक्षकांना कृपया सांगा की त्यांनी सर्वांत बारकाईने तेच वाचावे. निबंध आधीच समीक्षकांनी वाचलेले असतात. विद्यार्थ्याला आपल्या कामाचा आवाका कळला आहे का, हे त्याच पानांवर कळते.

लेखकपदाविषयी थोडक्यात. मिठाच्या निबंधावर माझ्यासह तिघांची नावे आहेत, कारण प्रयोगशाळेतली चाचणी आणि संख्याशास्त्र माझ्या एकटीचे नव्हते. प्रत्येक निबंधापुढे कोणी काय केले, हे चौदा भूमिकांच्या क्रेडिट पद्धतीने लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या निबंध पाठवतानाच घ्याव्यात. प्रबंधाच्या वेळी एक सहलेखक परदेशी गेला होता आणि त्याची सही मिळायला दीड महिना लागला. एक खंत अजून आहे. वही ठेवणाऱ्या काकांचे नाव फक्त ऋणनिर्देशात आहे. त्या वहीशिवाय दुसरा निबंध झालाच नसता. त्यांनी मसुदा वाचून मान्यता द्यावी, असे मी सुचवायला हवे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मी विचारलेच नाही. मराठीत सारांश करून देणे माझ्या हातात होते.

म्हणून आता मागणे असे. नियम करताना निबंधांची संख्या लिहू नका. त्याऐवजी विद्यार्थ्याने नोंदणीनंतर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समितीपुढे दाव्यांचा तो दोन रकान्यांचा कागद ठेवावा, आणि किती निबंध होतात ते समितीने त्या कागदावरून त्याच्याबरोबर बसून ठरवावे. कोणाचे दोन होतील, कोणाचे पाच. सगळे निबंध छापून झालेलेच हवेत, अशी अटही नको. समीक्षेत असलेला निबंध परीक्षकाला वाचता येतोच, आणि नियतकालिकाच्या दिरंगाईची शिक्षा विद्यार्थ्याला होऊ नये. नियतकालिक कोणते, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल. आयोगाने 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, तेव्हा यादीत नाव आहे एवढे पाहून सही करण्याची सोय आता उरलेली नाही. घाईतल्या विद्यार्थ्याला, आणि संख्या भरायची असेल तर विशेषच, पैसे घेऊन आठवड्यात छापणारे कोणीतरी नेहमी सापडते. मलाही सापडले होते. चौथ्या निबंधासाठी तीन दिवसांत स्वीकृतीचे पत्र आले होते आणि मी ते दोन दिवस उशाशी ठेवून शेवटी नाकारले.

संस्थेला मी अर्ज केला. तीन निबंध, जोडणारे प्रकरण, आणि चौथा का नाही याचे दोन पानांचे कारण, दोन वर्षांच्या मिठाच्या आलेखांसह. समितीने तो तिसऱ्या बैठकीत मान्य केला. तोपर्यंत माझी मुदतवाढ संपायला अकरा दिवस उरले होते.

तो तेवीस दाव्यांचा कागद मी जपून ठेवला आहे. खोडाखोड, बाण, चहाचा डाग, सगळे तसेच आहे. आपल्यापैकी ज्यांना विद्यार्थ्यांबरोबर तो पाहायचा असेल, त्यांच्या विभागात मी येऊन बसायला तयार आहे. विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सोबत आणावा, आणि पूर्ण नसला तर जेवढा झाला असेल तेवढा. डावा रकाना भरायला एक दुपार लागते, उजवा भरायला आठवडा.

आपली नम्र,
खाजनांवर संशोधन केलेली एक प्राध्यापिका
फोंडा, गोवा